विमा कंपनीचं पत्र आणि त्यातली तारीख

31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. दोन-सव्वादोनचा सुमार होता. काम थांबलेलं होतं आणि काही कामगार आतच झोपले होते. त्यातले काही जण कसेबसे बाहेर पडले, सहा जण दगावले. छत्रपती संभाजीनगरमध्ये त्यानंतर कामगारांच्या राहण्याबद्दल, बाहेर पडायच्या वाटांबद्दल आणि परवानग्यांबद्दल बरीच चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या रात्रीनं उभा केलेला आणखी एक प्रश्न तितकासा चर्चेत आला नाही. आग लागते तेव्हा जागं कुणीच नसेल, तर पहिल्या पाच-दहा मिनिटांत तिच्यावर पाणी टाकायचं कुणी?

हाच प्रश्न वेगळ्या भाषेत कारखानदाराच्या टेबलावर अधूनमधून येत असतो. विमा कंपनीचा रिस्क इंजिनिअर कारखाना पाहून जातो आणि काही दिवसांनी पत्र येतं. त्यात शिफारशींची यादी असते. बहुतेक शिफारशी किरकोळ असतात: पॅनेलसमोरची खोकी हलवा, अग्निशामक सिलिंडर भरून घ्या, वेल्डिंगसाठी परवाना पद्धत सुरू करा. मग एक कलम येतं, ज्यावर मालक थबकतो: गोदाम आणि उत्पादन विभागात स्वयंचलित स्प्रिंकलर यंत्रणा बसवावी, अमुक तारखेपर्यंत. खाली एक वाक्य असतं की मुदतीत पूर्तता न झाल्यास पॉलिसीच्या अटींचा फेरविचार केला जाईल. पुष्कळ ठिकाणी हे पत्र अकाउंट्सच्या फाइलीत जातं आणि रिन्युअलच्या आठवड्यात बाहेर निघतं. माझं म्हणणं असं की हे पत्र पॉलिसीइतक्याच काळजीनं वाचायला हवं, कारण ते आल्याच्या दिवसापासून विमा कंपनीशी असलेलं नातं बदललेलं असतं. धोका काय आहे हे आता दोघांनाही लेखी माहीत झालेलं असतं.

पाहणीला येणारा माणूस काय पाहतो

आधी एक घोटाळा दूर करू. विम्याच्या जगात ‘सर्व्हेअर’ म्हटलं की आग लागून गेल्यावर नुकसान मोजायला येणारा माणूस आठवतो. रिस्क इंजिनिअर आगीच्या आधी येतो. आग लागेल की नाही, याचं भाकीत करणं हे त्याचं काम नाही. आग लागलीच, तर ती कुठपर्यंत जाईल, हे त्याला ठरवायचं असतं. विमेकऱ्यांच्या भाषेत याला संभाव्य कमाल नुकसान म्हणतात. त्याचा सगळा अहवाल याच आकड्याभोवती फिरतो, आणि पत्र समजून घ्यायची किल्लीही हीच आहे.

उदाहरणासाठी वाळूजमधल्यासारखा एक काल्पनिक कारखाना घेऊ. गाड्यांसाठी प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारा, 60 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद अशी एकच शेड असलेला. अर्ध्या भागात इंजेक्शन मोल्डिंगची यंत्रं, उरलेल्या अर्ध्यात कच्चा माल आणि कार्टनमध्ये भरलेला तयार माल. मधे भिंत नाही, कारण फोर्कलिफ्टला अडथळा नको. इमारत, यंत्रं आणि माल मिळून विमा 80 कोटींचा. हायड्रंट आहेत, सिलिंडर आहेत, अग्निशमन विभागाचा दाखला आहे.

इंजिनिअर अशा शेडमध्ये शिरला की आधी वर बघतो. पत्र्याखाली धूर आणि उष्णता कोंडायला किती जागा आहे, कार्टनची थप्पी छताच्या किती जवळ गेली आहे, हे तो पाहतो. मग मालाला हात लावतो. आत पॉलिप्रॉपिलीन आहे की लोखंडी ब्रॅकेट, बाहेर पुठ्ठा आहे की फोम, यावर आग किती वेगानं चढेल ते ठरतं. लोखंडी भागांचं गोदाम आणि फोमचं गोदाम बाहेरून सारखंच दिसतं, पण दुसऱ्यात आग काही मिनिटांत छताला भिडते. त्यानंतर तो मोल्डिंग आणि गोदाम यांच्यामधली उघडी जागा पाहतो. तिथे चार तास टिकणारी भिंत आणि आपोआप बंद होणारा अग्निरोधक दरवाजा नसेल, तर त्याच्या लेखी ती दोन खाती नाहीत, आगीचा एकच विभाग आहे. मग त्याच्या वहीत लिहिलं जातं की या शेडमधली एक आग जवळपास सगळे 80 कोटी घेऊन जाऊ शकते.

इथे कारखान्याचा पहिला आक्षेप येतो: आमच्याकडे हायड्रंट आहेत की! आहेत, पण हायड्रंटला माणूस लागतो. होज उलगडायला, नोझल धरायला, व्हॉल्व्ह फिरवायला आणि धुरात उभं राहायला शिकवलेली माणसं लागतात. तिसऱ्या पाळीत दोन सुरक्षारक्षक असतील, तर ती माणसं नाहीत. औद्योगिक वसाहतीचं अग्निशमन केंद्र कितीही तत्पर असलं, तरी कुणीतरी आग पाहणार, फोन करणार, बंब निघणार आणि पोचणार. तोवर प्लास्टिकची आग वाट पाहत नाही. स्प्रिंकलर नेमका हाच वेळ भरून काढतो.

काचेची नळी आणि तीन लाख लिटर पाणी

स्प्रिंकलरचं डोकं हातात घेऊन पाहावं. पितळी चौकटीत बोटाच्या पेराएवढी काचेची नळी असते आणि आत रंगीत द्रव असतो. लाल द्रवाची नळी 68 अंश सेल्सिअसला फुटते, पिवळी 79 ला, हिरवी 93 ला. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली हवा चांगलीच तापते, म्हणून कुठल्या रंगाची नळी कुठे बसवायची हे आधी ठरवावं लागतं. नळी फुटली की तिनं रोखून धरलेलं झाकण उडतं आणि पाणी खालच्या चकतीवर आपटून छत्रीसारखं पसरतं. फुटते ती फक्त तापलेली नळी. एक पेटलं की छतावरचे सगळे फवारे सुरू होतात, हे सिनेमातलं दृश्य कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या यंत्रणेत घडत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेनं वर्षानुवर्षांच्या आगींची पाहणी केली आहे. तिच्यानुसार, यंत्रणा सुरू होण्याइतक्या मोठ्या आगींपैकी दहांतल्या नऊंहून अधिक आगींत स्प्रिंकलर चालले, आणि बहुसंख्य वेळा एका डोक्यातच काम भागलं.

तरीही यंत्रणेची आखणी एका डोक्यावर करत नाहीत. भारतीय मानक आयएस 15105 मध्ये जागेचा धोका पाहून दोन गोष्टी ठरतात: दर चौरस मीटरला मिनिटाला किती लिटर पाणी पडलं पाहिजे, आणि एका वेळी किती क्षेत्रफळावर ते पडेल असं धरायचं. आपल्या उदाहरणात मोल्डिंगचा भाग मध्यम धोक्याचा धरला, तर चौरस मीटरला मिनिटाला 5 लिटर आणि 360 चौरस मीटर, म्हणजे मिनिटाला 1,800 लिटर. गोदामाचं गणित वेगळं. आखणी करणाऱ्यानं तिथल्या मालाला आणि थप्पीच्या उंचीला 12.5 लिटर आणि 260 चौरस मीटर धरले, तर मिनिटाला 3,250 लिटर होतात. दीड तासाचा साठा ठेवायचा तर 2,92,500 लिटर, म्हणजे जवळपास तीन लाख लिटरची टाकी. हायड्रंटचं पाणी त्याहून वेगळं. गोदामात एका डोक्यानं 9 चौरस मीटर सांभाळायचे असं धरलं, तर 1,200 चौरस मीटरला सुमारे 134 डोकी लागतात.

हा हिशेब मांडला कारण पत्रातली मुदत पाळणं अवघड का जातं, ते त्यात दिसतं. पाइप टांगणं हा कामाचा सोपा भाग. टाकी खोदायची, वीज गेली तरी चालेल असा डिझेल पंप मुख्य पंपाच्या जोडीला ठेवायचा, पाइपमधला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप बसवायचा, पत्र्याच्या सांगाड्याला भरलेल्या पाइपांचं वजन पेलेल का ते तपासायचं, आणि हे सगळं चालू कारखान्यात, खालच्या मोल्डिंग यंत्रांवर ठिणगी न पडू देता करायचं. पत्रात नव्वद दिवस लिहिलेले असतील आणि मालकानं ते निमूट मान्य केले असतील, तर त्यानं न पाळता येणारं वचन दिलेलं असतं.

मुदत उलटली की नेमकं काय होतं

पत्राचा परिणाम त्यातल्या कुठल्या शब्दावर बेतलेला आहे, हे आधी शोधावं. साधी शिफारस असेल, तर मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी विमा संपत नाही. चालू पॉलिसी तिच्या छापील अटींप्रमाणेच चालते, आणि पत्राची दखल रिन्युअलच्या वेळी घेतली जाते. पण तीच गोष्ट पॉलिसीला जोडलेल्या पुरवणीत अट म्हणून आली, तर ती कराराचा भाग होते. आणि ती ‘वॉरंटी’ म्हणून आली, म्हणजे अमुक तारखेपासून यंत्रणा चालू स्थितीत असेल अशी हमी कारखान्यानं दिली, तर आगीनंतर विमा कंपनीचा पहिला प्रश्न हाच असतो की हमी पाळली होती का. म्हणून पुरवणीवर सही करण्याआधी हा एक शब्द शोधायचा. वॉरंटीऐवजी ‘मुदतीत पूर्तता न झाल्यास वाढीव कपात लागू’ असं लिहून घेता आलं, तर परिणाम मर्यादित राहतो आणि आधीच माहीत असतो.

ही वाढीव कपात म्हणजे काय, तेही आकड्यांत पाहू. आगीच्या पॉलिसीत प्रत्येक दाव्यातली काही रक्कम कारखान्यानं स्वतः सोसायची असते. आपल्या उदाहरणात ती दाव्याच्या 5 टक्के आहे, आणि पत्राप्रमाणे मुदतीनंतर 25 टक्के होणार आहे. निम्मा कारखाना जळून 40 कोटींचं नुकसान झालं, तर आज कारखान्याच्या खिशातून 2 कोटी जातील. मुदत उलटल्यावर 10 कोटी. पॉलिसी तीच, विम्याची रक्कमही तीच, पण ही 8 कोटींची दरी कागदावर कुठे मोठ्या अक्षरांत दिसत नाही. बँकेला दाखवलेल्या प्रमाणपत्रावर 80 कोटीच असतात. याशिवाय कंपनी हप्ता वाढवू शकते, गोदामातल्या मालावर मर्यादा घालू शकते किंवा रिन्युअल नाकारू शकते. पारंपरिक प्रमाणित अग्नी पॉलिसीत तर 15 दिवसांची नोटीस देऊन आणि उरलेल्या काळाचा हप्ता परत करून विमा मधेच संपवायचा अधिकारही कंपनीला असतो. तो क्वचित वापरला जातो, पण अट छापलेली असते.

तोट्याची आणखी एक साखळी आहे. उत्पादन बंद पडल्यानं बुडणाऱ्या नफ्यासाठी वेगळी पॉलिसी घेतलेली असते. तिचा दावा साधारणपणे मूळ मालमत्तेचा दावा मान्य झाला तरच उभा राहतो. स्प्रिंकलरच्या अटीवरून पहिला दावा अडला, तर दुसराही अडतो, आणि नेमके त्याच काळात पगार आणि कर्जाचे हप्ते चालू असतात.

आक्षेप, एकेक करून

मालकांचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: अग्निशमन विभागानं दाखला दिला आहे, मग विमा कंपनी जास्त मागणारी कोण? महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानं मालक आणि भोगवटादार यांच्यावर यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये तसं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पण कायद्याच्या नावातच त्याचा हेतू आहे: जीव वाचवणं. माणसं सुखरूप बाहेर पडली आणि मागे शेड जळून गेली, तर कायद्याचा मोठा हेतू सफल झाला, पण विमा कंपनीचं सगळं नुकसान झालंच. म्हणून कायद्याची मागणी हा किमान पाया, आणि विम्याची मागणी हा त्यावरचा करार. यातलं एक दुसऱ्याला पर्याय होत नाही. उलट बाजूही तितकीच खरी: स्प्रिंकलर बसवला म्हणून बाहेर पडायची दारं बंद ठेवायला किंवा कामगारांना शेडमध्ये झोपवायला मुभा मिळत नाही.

दुसरा आक्षेप पाण्याचा. जायकवाडीच्या पाण्यावर चालणाऱ्या या वसाहतींनी 2016 च्या दुष्काळात न्यायालयाच्या आदेशानं झालेली पाणीकपात पाहिली आहे. तिथे तीन लाख लिटर पाणी नुसतं साठवून ठेवायचं, हे कुणालाही खटकेल. पण ते पाणी एकदाच भरायचं असतं. रोज खर्च होत नाही, आणि पंपाच्या चाचणीचं पाणी परत टाकीत वळवता येतं. आगीनंतर होजनं तासन्‌तास मारलं जाणारं पाणी याहून कितीतरी जास्त असतं. खबरदारी एकच: टंचाईत या टाकीतून दुसऱ्या कामाला पाणी घेतलं जाणार नाही, अशा उंचीवर बाकीच्या वापराचा पाइप काढायचा.

तिसरा आक्षेप: नळी चुकून फुटली, तर साचे, नियंत्रण पॅनेल आणि कार्टन भिजतील. भीती अगदीच निराधार नाही. फोर्कलिफ्टचा खांब डोक्याला लागू शकतो, म्हणून खाली येणाऱ्या डोक्यांना जाळीचं संरक्षण देतात. पण स्वयंचलित स्प्रिंकलरमधून होणारी गळती हा भारतातल्या प्रमाणित अग्नी पॉलिसीत विमा असलेल्या धोक्यांपैकी एक आहे. दुरुस्ती किंवा फेरबदल चालू असताना झालेली गळती आणि मालकाला आधीच माहीत असलेला दोष तेवढे वगळलेले असतात. म्हणजे ज्या पाण्याची भीती वाटते, त्याचा विमा आहे. यंत्रणा नसताना पसरलेल्या आगीचा विमा मात्र वर पाहिल्याप्रमाणे आकसत जातो.

चौथा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण तोच सर्वांत धोक्याचा: दुसरी कंपनी गाठू, ती हे मागणार नाही. ब्रोकर कोटेशन आणून देतोही. पण नव्या कंपनीच्या प्रस्तावात आधीच्या विमा कंपनीनं काही खास अटी घातल्या होत्या का, असा प्रश्न असतो. तिथे ‘नाही’ लिहिलं की महत्त्वाची माहिती दडवली असं होतं, आणि प्रमाणित पॉलिसीची पहिलीच सर्वसाधारण अट सांगते की अशा वेळी पॉलिसी रद्दबातल ठरवता येते. जुनं पत्र आगीनंतर फाइलीतून सापडतंच. तेच पत्र सोबत जोडून नव्या कंपनीकडे जाणं हा मात्र सरळ मार्ग आहे. मग ती घेईल किंवा नाही घेणार, पण जे घेईल ते टिकेल.

पत्र येऊनही कंपनीनं हप्ता घेतला आणि विमा चालू ठेवला, मग ती दावा कसा नाकारेल? या म्हणण्यात तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2022 मध्ये टेक्स्को मार्केटिंग विरुद्ध टाटा एआयजी या खटल्यात विमा कंपनीविरुद्ध निकाल दिला. दुकान तळघरात होतं, कंपनीनं ते पाहून विमा दिला होता, आणि आगीनंतर तळघर वगळणाऱ्या कलमावर बोट ठेवलं होतं. पाहणी करून, हप्ता घेऊन मग असं कलम पुढे करणं न्यायालयानं मान्य केलं नाही. पाहणीनं विमा कंपनीही बांधली जाते, एवढा धडा त्यातून नक्की मिळतो. पण मुदतीच्या पत्राचं प्रकरण उलट्या दिशेचं आहे. इथे कंपनीनं धोका पाहून गप्प बसणं टाळलेलं असतं, तिनं तो लिहून कळवलेला असतो. त्या निकालाच्या भरवशावर पत्र बाजूला ठेवणं म्हणजे आगीनंतरची काही वर्षं न्यायालयाच्या फेऱ्यांना देण्याची तयारी ठेवणं.

बसवलेली यंत्रणाही कुठे फसते

पूर्ततेचा दाखला मिळाला की विषय संपला, असं मानणं हीही चूकच. स्प्रिंकलर चालला नाही अशा आगींत सर्वांत ठळक कारण नळ्यांचा दोष नसतो. यंत्रणा आधीच बंद केलेली असते. गळती काढायला मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि उघडायचा राहिला. म्हणून हे व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत साखळी-कुलुपानं बांधतात आणि बंद करायचे असतील तर विमा कंपनीला आधी कळवतात. पाहणीला येणारा इंजिनिअर पंपघरात आधी दाबाचा काटा पाहतो, मग पंप ‘ऑटो’वर आहे की ‘मॅन्युअल’वर, ते पाहतो. मॅन्युअलवर ठेवलेला पंप रात्री कुणीतरी येऊन बटण दाबण्याची वाट पाहत राहतो, आणि मग सगळा खर्च फुकट जातो.

दुसरी फसगत गोदामात होते, आणि तीही सणाच्या हंगामात. दसरा-दिवाळीच्या गाड्यांसाठी सुट्या भागांची मागणी वाढते, माल थोपवून ठेवावा लागतो आणि थप्पी वर वर जाते. डोक्याच्या चकतीखाली निदान अर्धा मीटर मोकळी जागा नसेल, तर पाण्याची छत्री उघडतच नाही. शिवाय आखणी अडीच मीटरच्या थप्पीसाठी केलेली आणि माल चार मीटरवर गेलेला, असं झालं की 12.5 लिटरचं गणित चुकतं. पाणी पडतं, पण आगीपेक्षा कमी पडतं. मालाचा प्रकार बदलला, पुठ्ठ्याऐवजी फोम आला, तरी तेच. हे विमा कंपनीला न कळवता केलं, तर धोका वाढवणारा बदल म्हणून पॉलिसीतली आणखी एक अट आडवी येते. त्यासाठी गोदामाच्या खांबांवर थप्पीच्या कमाल उंचीची रंगीत रेघ मारणं आणि ती पाळण्याचा अधिकार डिस्पॅचपेक्षा वरच्या माणसाकडे देणं, हे जवळपास बिनखर्चाचं काम आहे.

पत्राला उत्तर कसं द्यावं

स्प्रिंकलरचा खर्च मोठा आहे, भाड्याच्या शेडमध्ये तो आणखी जड जातो, आणि प्रत्येक कारखान्याला तो विमा कंपनीच्या तारखेलाच पेलेल असंही नाही. म्हणून तारीख बोलून ठरवायची असते, आणि ते मुदत संपायच्या आधी करायचं असतं. चांगल्या उत्तरात टप्पे असतात: आखणी आणि जलगणित कधी पूर्ण होईल, टाकी आणि पंपघर कधी, आधी गोदाम आणि मग मोल्डिंग असा क्रम का, चाचणी कधी. प्रत्येक टप्प्याला ऑर्डरची प्रत जोडता येते. मधल्या काळात काय करणार, हेही त्यात लिहावं: थप्पीची उंची कमी करणं, तयार माल दुसऱ्या जागी विभागणं, वेल्डिंग आणि कटिंगसाठी लेखी परवाना, रात्रीच्या गस्तीची नोंद. मोल्डिंग आणि गोदामामध्ये चार तासांची भिंत घालता येत असेल, तर ती सुचवावी. आग एका विभागात अडली की संभाव्य कमाल नुकसान खाली येतं, आणि अनेकदा स्प्रिंकलर फक्त गोदामापुरता मान्य होतो. ज्या आकड्यावरून पत्र निघालं, त्या आकड्याशीच बोलावं.

आणि शेवटी, मुदतवाढ मिळाली की ती पत्रात नको, पॉलिसीच्या पुरवणीत हवी. ब्रोकरनं फोनवर दिलेला शब्द आगीनंतर उपयोगी पडत नाही. नवी तारीख, तोवर लागू असणारी कपात आणि कुठलीही वॉरंटी त्याआधी लागू होणार नाही, हे तीन मुद्दे कंपनीच्या सहीनं पुरवणीत आले, तर कारखान्याला काम करायला वेळ मिळतो आणि त्या वेळात त्याचा विमाही शाबूत राहतो. पत्र फाइलीत ठेवणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही.